समोर एक फूट, आत साडेतीन फूट: आमच्या कपाटाचा हिशोब

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, काळ्या मातीचं, म्हणजे घर बांधलं की दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला तडा ठरलेलाच. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला एक खोली वाढवली, त्यात एका भिंतीत कपाटासाठी जागा सोडली होती, साधारण सहा फूट रुंद, सात फूट उंच. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा बायको म्हणे आता तरी करून टाका, दोन वर्षं झाले कपडे पलंगपेटीत कोंबून रायलो आपण. म्हटलं करू. मला वाटलं सुताराला बोलवायचं, तो माप घेईल, भाव सांगेल, आपण थोडं घासाघीस करू, झालं. दोन आठवडे गेले नुसता भाव समजण्यात, आणि त्याच दोन आठवड्यांचं इथं लिहितोय, कपाट बनवायला तर त्याच्यापेक्षा कमी दिवस लागले.

पहिला मिस्त्री तालुक्याहून आला, मोटरसायकलवर, कमरेला टेप. दोन मिनिटांत माप घेतलं आणि म्हणे अकराशे पन्नास रुपये स्क्वेअर फूट, मटेरियलसकट. दुसरा अमरावतीचा, त्याचं दुकान आहे, मोबाईलवर वीस फोटो दाखवले, तो म्हणे चौदाशे पन्नास. आता एकाच भिंतीसाठी फुटामागं तीनशेचा फरक, बेचाळीस फुटांवर बारा हजार सहाशे होतात. मी दोघांनाही विचारलं की बाबा प्लाय कोणता? पहिला म्हणे "चांगला". दुसरा म्हणे "वॉटरप्रूफ". यावर काय बोलणार.

तिसरे म्हणजे आमच्याच गल्लीतले सुतार काकाजी. वय साठच्या पुढं, आमच्या जुन्या घराची सागाची दारं त्यांच्या वडिलांनी केलेली, म्हणून बाबांचा त्यांच्यावर जीव. मी आधी त्यांच्याकडं गेलो नव्हतो कारण मला वाटायचं ते दारं-खिडक्याच करतात. त्यांना दोन्ही भाव सांगितले तर ते हसले अन् म्हणे, "बाबू, स्क्वेअर फूट तं समोरचा मोजतेत. तुले समोरचा फूट विकत घ्याचा हाय का कपाट? आत काय टाकाचं ते सांग आधी, मंग भाव निघंल."

तेव्हा कुठं मला कळलं की स्क्वेअर फूट म्हणजे कपाटाची समोरून दिसणारी रुंदी गुणिले उंची, बस. कपाट किती खोल ते त्यात येत नाही, आत किती कप्पे, किती ड्रॉवर, मागं पाठ कशाची, काहीच येत नाही. सहा बाय सातचं कपाट म्हणजे बेचाळीस फूट, मग आत दोन कप्पे असो की दहा, भाव तोच. त्यामुळं एखादा मिस्त्री फुटाचा भाव कमी सांगतो तेव्हा तो आतून काय कमी करतोय हे त्या आकड्यातून कळायला मार्गच नाही. आणि मिस्त्री फसवतोच असंही नाही, त्याच्या डोक्यात एक कपाट असतं आणि आपल्या डोक्यात दुसरं.

मग काकाजींनी एका वहीच्या पानावर कपाट काढलं आणि त्याचे तुकडे केले. हे मला फार आवडलं म्हणून नीट सांगतो.

कपाट सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल, मधे एक उभं पार्टिशन, म्हणजे तीन-तीन फुटांचे दोन खण. डाव्या खणात चार कप्पे. उजव्या खणात वर एक कप्पा, त्याखाली हँगरची दांडी, आणि खाली दोन ड्रॉवर, त्यांच्यावर अजून एक कप्पा. समोर चार पल्ले, प्रत्येक दीड फूट रुंद. आता प्लायची शीट येते आठ बाय चार, सात बाय चार, सहा बाय चार, आणि तीन फूट रुंदीतही येते. आपल्याकडं सगळे आठ बाय चारच म्हणतात पण बाकीची मापंही मिळतात, फक्त मागावी लागतात. सात बाय चारची शीट उभी मधोमध चिरली की दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या. दोन शीटच्या चार पट्ट्या, त्यातल्या तीन म्हणजे दोन बाजू आणि मधलं पार्टिशन. चौथ्या पट्टीतून दोन कप्पे. सहा बाय चारच्या एका शीटमधून वरचा आणि खालचा तळ. आणखी एका सहा बाय चारमधून उरलेले चार कप्पे, बरोब्बर. करवतीत जो जाडीभर भुसा जातो त्यानं काही बिघडत नाही कारण बाजूंची आणि पार्टिशनची जाडी वजा केली की आतला कप्पा तीन फुटांपेक्षा इंचभर कमीच लागतो.

म्हणजे १८ एमएमचा प्लाय लागला १०४ फूट. पल्ल्यांसाठी १९ एमएमचा ब्लॉकबोर्ड, सात बाय तीनच्या दोन शीट, ४२ फूट. मिळून १४६. समोरून मोजला एक फूट तर आत जाड लाकूड जातं साडेतीन फूट! शिवाय पाठीला आणि ड्रॉवरच्या तळाला ६ एमएमचा पातळ प्लाय, ड्रॉवरच्या भिंतींना १२ एमएम. मी हे आधी कधी मोजलंच नव्हतं.

आणि यातच काकाजींनी एक गोष्ट सांगितली जी एकट्यानंच काही हजार वाचवून गेली. भिंतीतली जागा मी मोजली तेव्हा वर सहा फूट एक इंच, मधे सहा फूट अर्धा इंच, खाली पुन्हा एक इंच, उंची सात फूट एक इंच. पहिल्या मिस्त्रीच्या टेपनं ते "सव्वासहा, सव्वासात" झालं होतं, पाव फुटाच्या हिशोबानं वर चढवून. काकाजी म्हणे भिंतीच्या मापानं कपाट करू नको, शीटच्या मापानं कर. सात फूट एक इंच केलं की सात फुटी शीट चालत नाही, आठ फुटी घ्यावी लागते आणि प्रत्येक पट्टीचा अकरा इंच तुकडा वाया. एका इंचासाठी. बाजूला जी इंचभर फट राहते तिथं पट्टी मारून टाकू, कोणाले दिसते. ते खरंच आहे, आता पट्टी कुठं आहे ते मलाच शोधावं लागतं.

आता प्लायचा दर्जा. इथं माझी सगळ्यात जास्त गडबड होती. दुकानात गेलो अमरावतीला, तिथं १८ एमएममध्ये तीन भाव: एमआर ६६ रुपये फूट, बीडब्ल्यूआर ९२, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन १२५. (हे मला मिळालेले भाव, तुमच्याकडं वेगळे असतील.) तिन्ही समोर उभे केले तर मला काही फरक दिसेना. थोडा रंग लालसर, थोडा पिवळट, पण काकाजी म्हणे रंगावर जाऊ नको, रंग तं लावता येते.

फरक आहे तो थर चिकटवलेल्या गोंदाचा. एमआरमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, हवेतला दमटपणा सोसतो पण पाणी मुरलं की हळूहळू सुटतो. वरच्या दोन्हीत फिनॉलचा गोंद, तो पाण्यात टिकतो. मरीन म्हणजे आयएस ७१० या सरकारी मानकाचा, त्याचा तुकडा बहात्तर तास उकळून तपासतात. एमआर आणि बीडब्ल्यूआर हे आयएस ३०३ खाली येतात, शीटवर शिक्का असतो, त्यात आयएसआयची खूण आणि सीएम/एलनं सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या मोबाईल ॲपवर टाकून बघता येतो की खरंच त्या कारखान्याचा आहे का आणि चालू आहे का. मी दुकानात उभं राहूनच टाकला, दुकानदाराला आवडलं नाही पण काही बोलला नाही.

तरी मन भरेना. दुकानदाराकडून एमआर आणि बीडब्ल्यूआर दोन्हीचे हातभर तुकडे मागून आणले, आणि सकाळी आंघोळीचं पाणी तापतं त्या चुलीवर जुन्या पातेल्यात दोन्हीचे छोटे छोटे तुकडे उकळायला ठेवले. आई म्हणे काय शिजवून रायला तू. दुपारी जेवून उठेस्तोवर एमआरच्या तुकड्याचे थर पुस्तकाच्या पानासारखे सुटायला लागले, हातानं ओढला तर निघून आला. बीडब्ल्यूआरचा संध्याकाळपर्यंत तसाच, थोडा फुगला पण सुटला नाही. आता कपाट काही कोणी उकळत नाही हे मलाही कळतं. पण आमच्याकडं उन्हाळ्यात चार महिने कूलर चालतो आणि कपाट कूलरच्या अगदी समोरच्या भिंतीत. माझ्या चुलत भावाच्या घरी असंच एमआरचं कपाट कूलरजवळ, तिसऱ्या वर्षी खालची पट्टी आणि पल्ल्याची खालची कड फुगली, पल्ला जमिनीला घासायला लागला, आता तो लाथ मारून लावतो. पंचेचाळीस डिग्रीत वाळायचं आणि रात्रभर कूलरच्या ओलीत भिजायचं, हे रोजचं चाललं तर कोणता गोंद टिकेल.

मग हिशोब केला की वरचा प्लाय घेतला तर किती जास्त जातात. एमआर ते बीडब्ल्यूआर, फुटाला २६ रुपये, गुणिले १०४, म्हणजे २७०४ रुपये. समोरच्या बेचाळीस फुटांवर वाटले तर फुटाला चौसष्ट रुपये. बस! आणि इथं दोन मिस्त्रींच्या भावात तीनशेचा फरक होता आणि दोघंही तो "प्लायचा फरक" म्हणून सांगत होते. मरीन घेतला असता तर अजून ३४३२. ते आम्ही नाही घेतलं, बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज वाटली नाही, सिंकखालचं किंवा बाथरूमजवळचं असतं तर घेतलं असतं.

हां, उधईचं वेगळं आहे बरं का. बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याचं बोलणं चाललंय, उधईचं नाही. आमच्याकडं काळ्या मातीत उधई भिंतीतून चढते. त्यामुळं कपाट उभं करायच्या आधी मागच्या भिंतीला आणि पाठीच्या प्लायला मागून उधईचं औषध मारून दोन दिवस वाळू दिलं.

शिक्का खरा असला तरी शीट चांगली असेलच असं नाही, हेही सांगायला पाहिजे. काकाजींनी दुकानात प्रत्येक शीट कडेनं बघितली. कडेला थर दिसतात, त्यात मधेच काळी फट दिसली की तिथं आत पोकळ, त्या जागी स्क्रू धरत नाही. मग बोटाच्या पेरानं शीटवर ठोकत गेले, एका ठिकाणी आवाज ढप्प आला तर ती शीट बाजूला. माझं काम एकच होतं, लेथवाल्या मित्राकडून व्हर्निअर आणला होता, त्यानं जाडी मोजली. पहिल्या दुकानात "१८ एमएम" ची शीट निघाली साडेसोळा. दुकानदार म्हणे "भाऊ, सगळीकडं असंच येते." सगळीकडं येत असेल, पण मग भाव १८ चा काहून. दुसऱ्या दुकानात पावणेअठरा ते अठरा निघाली, तिथंच घेतली.

पल्ल्याला प्लाय न घेता ब्लॉकबोर्ड का, हे मी विचारलं होतं. ब्लॉकबोर्डमध्ये आत लाकडाच्या उभ्या पट्ट्या असतात, त्यामुळं सात फुटी लांब पल्ला कमी वाकतो आणि वजनालाही हलका पडतो, बिजागरीवर ताण कमी. पण तोही वाकतो, त्याची गंमत पुढं.

सनमायकाचा हिशोब मला सगळ्यात फसवा वाटला. बाहेरून १ एमएमच्या तीन शीट पुरल्या. मला वाटलं झालं. पण आतून? पल्ल्यांची आतली बाजू, प्रत्येक कप्प्याच्या वर आणि खाली, पार्टिशनच्या दोन्ही बाजू, पाठ, सगळं मोजलं तर बाहेरच्या तिप्पट. ०.८ एमएमचा पांढरा लायनर नऊ शीट लागला. म्हणजे दिसत नाही तिथंच जास्त जातं, आणि म्हणूनच कमी भाववाला पहिल्यांदा इथं हात मारतो, आतून रंग किंवा पॉलिश मारून देतो. रंग वाईट नाही, स्वस्तात चालतो, फक्त ते आधी सांगायला पाहिजे. पहिल्या मिस्त्रीला मी नंतर फोन करून विचारलं तर तो सरळ म्हणाला, "आतून कलर येते भाऊ, सनमायका पाहिजे तं वेगळे लागतीन." म्हणजे खोटं बोलत नव्हता, मीच विचारलं नव्हतं.

हार्डवेअर. सात फुटी पल्ल्याला चार बिजागऱ्या, चार पल्ल्यांना सोळा. साधी कपवाली ५५ रुपयाला आणि सॉफ्टक्लोज १५० ला. फरक १५२० रुपयांचा, म्हणजे पुन्हा फुटाला छत्तीस. घेतली सॉफ्टक्लोज, कारण पोरगी पल्ले आपटते आणि आपटून आपटूनच स्क्रू ढिले होतात. ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल मात्र साधेच घेतले, वीस इंची, बॉल बेअरिंगवाले, दुकानातच पूर्ण ओढून बघितले की खरखर येते का आणि बाजूला हलवलं तर किती डुगडुगते. हँडल, दोन कुलपं, हँगरची दांडी धरून सगळं हार्डवेअर ४४३० झालं.

आता पूर्ण बेरीज, कारण हेच बघायला मी वहीवर बसलो होतो. सगळा प्लाय आणि बोर्ड १७००८. सनमायका आणि लायनर ९८१०. फेविकॉल, खिळे, स्क्रू, बिडिंग पट्टी ४३०० (हा आकडा कोणीच आधी सांगत नाही, बारा किलो फेविकॉल गेला). हार्डवेअर ४४३०. अमरावतीहून टेम्पो ९००. काकाजींची मजुरी ३५० रुपये फूट, बेचाळीस फुटांचे १४७००. एकूण ५११४८. म्हणजे समोरच्या फुटाला बाराशे अठरा.

मग मी उलटा हिशोब केला, पहिल्या मिस्त्रीच्या भावात नेमकं काय बसतं ते. एमआर प्लाय, साधी बिजागरी, आतून रंग, तेवढीच मजुरी धरली तर त्याला साधारण साडेत्रेचाळीस हजार खर्च येतो. बेचाळीस फुटांचे तो घेणार ४८३००. म्हणजे त्याच्या हातात पाच हजारही उरत नव्हते, बिचारा काही लुटत नव्हता. पण त्याचं माप होतं सव्वासहा बाय सव्वासात, ते होतात सव्वापंचेचाळीस फुटांच्या वर, गुणिले ११५० म्हणजे बावन्न हजार शंभर! माझ्या बीडब्ल्यूआर, आतून लायनर, सॉफ्टक्लोजवाल्या कपाटापेक्षा जास्त. भाव कमी, बिल जास्त. आणि दुसऱ्याचे चौदाशे पन्नास म्हणजे ६०९००, त्यात माझ्या हिशोबापेक्षा पावणेदहा हजार वर. ते त्याचं दुकान, त्याची धावपळ, काही बिघडलं तर त्यानंच बघायचं. ज्याला अमरावतीला चार चकरा मारायला वेळ नाही त्याला तो महाग नाही असंच मी म्हणेन. मला चार चकरा पडल्या, पेट्रोल मी वर धरलेलं नाही, बायकोनं धरलंय.

पहिल्या मिस्त्रीनं वर दोन फुटी माळाही धरून दाखवला होता, त्याच भावानं, बारा फूट अजून. माळ्यात कप्पे नाहीत, ड्रॉवर नाहीत, नुसती पेटी आणि पल्ले, तरी भाव कपाटाचाच. तो आम्ही काढूनच टाकला, कपाटावर सुटकेसा ठेवतो.

काम सुरू झालं मे महिन्यात आणि दोन गोंधळ झाले.

पहिला काकाजींच्या पोऱ्याचा. त्यानं संध्याकाळी चारही पल्ल्यांना बाहेरची सनमायका चिकटवली, आणि आतला लायनर उद्या लावू म्हणून भिंतीला टेकवून घरी गेला. सकाळी बघतो तर दोन पल्ले धनुष्यासारखे. दोरी धरून मोजलं, मधे पाच-सहा एमएमचा बाक. एका बाजूला सनमायका आणि दुसरी उघडी, त्या उन्हात उघडी बाजू वाळून आकसते आणि पल्ला खेचला जातो. म्हणूनच पल्ल्याला दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी चिकटवायचं असतं, आणि आतली बाजू "नुसत्या रंगावर" सोडायची नसते, बाकी कपाटाला रंग चालेल पण पल्ल्याला नाही. काकाजी पोऱ्यावर असे काही ओरडले की बाबा घरातून बाहेर आले. मग लायनर लावून चारही पल्ले एकावर एक आडवे ठेवले आणि वर धान्याची दोन पोती, दोन दिवस. तीन पल्ले सरळ झाले. चौथा थोडा राहिला आहे, लावल्यावर वरच्या कोपऱ्यात दोन एमएम पुढं दिसतो. बिजागरीच्या स्क्रूनं जेवढं आत घेता आलं तेवढं घेतलं.

दुसरा गोंधळ माझा. बिजागऱ्या मीच आणल्या होत्या, दुकानात म्हटलं सोळा द्या, त्यानं सोळा दिल्या, सगळ्या झिरो क्रँक. पल्ले बसवायला घेतले तर मधल्या पार्टिशनवर दोन्हीकडचे पल्ले एकमेकांवर चढायला लागले. झालं असं की झिरो क्रँकची बिजागरी पल्ला प्लायच्या पूर्ण जाडीवर आणते, ती दोन्ही टोकांच्या बाजूंना बरोबर. पण मधलं पार्टिशन १८ एमएमचं आणि त्यावर दोन पल्ले टेकणार, प्रत्येकाला अर्धी जाडी, तिथं एट क्रँक लागते. म्हणजे आठ झिरो आणि आठ एट. काकाजी म्हणे "मले विचारलं असतं तं?" काय बोलणार. नशीब की कपाचं भोक दोन्हीला पस्तीस एमएमचंच असतं, त्यामुळं पल्ल्यातली भोकं वाया गेली नाहीत, फक्त आठ बदलून आणाव्या लागल्या. पाचवी चक्कर.

मजुरीचं आधीच ठरवलं होतं की माप काम झाल्यावर घ्यायचं, तयार कपाटाचं, भिंतीचं नाही, आणि फटीची पट्टी मोजायची नाही. पाच हजार सुरुवातीला, पाच सांगाडा उभा झाल्यावर, बाकी शेवटी. हँडल-कुलूप लावणं, बिडिंग, सगळं त्या ३५० मध्ये, हेही वहीवर लिहून घेतलं, काकाजींनी सही केली तेव्हा थोडे नाराज वाटले पण नंतर स्वतःच म्हणे बरं केलं, नाहीतर शेवटी हँडलवरून भांडणं होतेत.

शेवटच्या दिवशी काकाजींनी टेप लावला. रुंदी सहा फूट. उंची सहा फूट पावणेबारा इंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मी म्हटलं, काकाजी, बेचाळीसच धरा. ते म्हणे, "धरतो ना. तुया व्हर्निअर कुठं हाय, आण, पाव इंच मोजून घे." बाबा बाजूला उभे होते, त्यांनी पल्ल्यावर बोटानं ठोकून बघितलं आणि पुन्हा एकदा विचारलं की यात साग कुठं आहे.